व्हॉइस नोट : जवळीक की जबरदस्ती?

डेटिंग अ‍ॅपवरची ओळख व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन दोनच दिवस झालेत. ‘इंटरव्ह्यू कसा झाला?’ या तुमच्या प्रश्नाला समोरून वीस सेकंदांची व्हॉइस नोट येते. दमलेला सूर, मध्येच हसू, मागे लोकलचा आवाज. टाइप केलेल्या ‘बरा झाला’मध्ये यातलं काहीच नसतं. म्हणून ती नोट जवळची वाटते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसात असताना त्याच व्यक्तीची चार मिनिटांची नोट येते, न विचारता. मेसेज नजरेखालून घालता येतो. नोट ऐकायला मात्र इअरफोन, एकांत आणि सलग वेळ लागतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लू टिक बंद करता येते. पण नोट ऐकली की पाठवणाऱ्याला माइकची खूण निळी दिसतेच, ती लपवायची सोय नाही. मग ‘ऐकलंस ना? बोल की!’ असा तगादा सुरू होतो आणि जवळीक जाचक वाटू लागते.

म्हणून पहिली नोट पाठवण्याआधी ‘व्हॉइस नोट चालेल का?’ एवढं विचारा आणि ती अर्ध्या मिनिटात आटपा. त्यानंतरही समोरून टाइप केलेलीच उत्तरं येत राहिली, तर तुम्हीही टाइप करा.