मूठभर भात आणि गुंठाभर खाचर

लग्नसराई चालू आहे. खाली नसरापूरपासून वर वेल्ह्यापर्यंत रोज दोन-चार मांडव पडतायत. आजची नोंद खाचरातली नाही, मांडवातली आहे. पण हिशेब भाताचाच आहे, म्हणून तो या पानावर मांडतोय. काही जणांना झोंबेल. झोंबू दे.

आधी हिशेब बघा. शिजलेला मूठभर भात काट्यावर ठेवला तर पन्नास-साठ ग्रॅम भरतो. आपण पन्नासच धरू. आपल्याकडं साध्या लग्नाला हजार माणूस सहज होतं, कारण आवतण चूलबंद असतं, अख्खं घर जेवायला बोलावलेलं असतं. हजार पानांत प्रत्येकी एक मूठ भात उरला, तर झाला 50 किलो भात. एक किलो तांदळाचा अडीच किलोच्या आसपास भात होतो. म्हणजे 20 किलो तांदूळ गेला. गिरणीत शंभर किलो साळीचा साठ-पासष्ट किलो तांदूळ पडतो, म्हणजे 20 किलो तांदळामागं 30 किलोच्या वर साळ गेली. आता आपल्याकडं इंद्रायणी एकरी पंधरा क्विंटल पडली तर आपण खूश असतो. तो गुंठ्याला साडेसदतीस किलोचा उतारा झाला.

थोडक्यात, एका लग्नात, फक्त मूठ-मूठ भात टाकून, आपण जवळजवळ एक गुंठा खाचर उकिरड्यावर टाकतो. आंबेमोहोर असेल तर त्याहून जास्त, कारण त्याचा उतारा कमी. आणि यात मसालेभात, पुऱ्या, जिलबी, बटाट्याची भाजी काहीच धरलेलं नाही.

गुंठा म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागेल, तुम्हाला नाही. तरी एकदा मोजून बघा. 20 बाय 15 सेंटिमीटरवर आवणी केली तर एका गुंठ्यात तेहतीसशेच्या आसपास चूड बसतात. प्रत्येक चूड कुणीतरी पावसात, गुडघाभर चिखलात, कमरेतून वाकून हातानं लावलेला असतो. बहुतेक वेळा ती आपल्या घरची बाई असते, नाहीतर मजुरीला आलेली कातकऱ्याची बाई. मग खुरपणी, युरियाची रांग, कापणी, झोडणी. एवढं करून ते तेहतीसशे चूड पत्रावळीत तसेच ठेवून आपण हात धुवायला उठतो आणि वर म्हणतो, जेवण लई भारी होतं.

दुसरा हिशेब रेशनचा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. 20 किलो म्हणजे चार माणसांच्या घराचं महिन्याचं धान्य. ज्या बाईनं जुलैत आपली आवणी केली, तिच्या घरचा महिना आपण दुपारी साडेबारा ते तीनमध्ये संपवतो, तोही न खाता. ती बाई परक्या मुलखातली नाही. तिचा पाडा आपल्या गावाच्या शिवारातच आहे.

हे बोललं की तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं उत्तर, "वाया कुठं जातंय, गुरं खातात." पशुवैद्यक डॉक्टरांना विचारा, लग्नसराईत त्यांना कशासाठी बोलावणी येतात. गाईच्या कोठीपोटातले जंतू चारा पचवायला बसलेले असतात. तिथं एकदम पाटीभर भात, पुऱ्या आणि पाकातली जिलबी गेली की वेगळेच जंतू फोफावतात आणि पोटात आम्ल तयार होतं. याला आम्लधर्मी अपचन म्हणतात. बारा-चोवीस तासांत जनावर चारा सोडतं, रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबूस वासाचं होतं, ते दात खातं, डोळे खोल जातात. पुढं ते बसतं आणि उठत नाही. गाभण असेल तर गाभडण्याची भीती असते. लक्षणं दिसली की घरात बसून तेल पाजत राहू नका, डॉक्टरांना बोलवा आणि जनावरानं काय, किती आणि कधी खाल्लं ते खरं सांगा. लाजेनं लपवलं तर उपचाराला उशीर होतो. ओंजळभर शिळा भात आंबोणात मिसळून घातला तर काही होत नाही, सवय असते. पण मांडवातला ढीग एकाच दिवशी गोठ्यात ओतणं म्हणजे विष घालणं. त्यात पत्रावळीचं प्लास्टिक, द्रोण, चमचे असतात ते वेगळंच. साठ-सत्तर हजारांची गाय पणाला लावून आपण म्हणतो, अन्न वाया गेलं नाही!

दुसरं उत्तर, "खत होतं." होतं की. पण कुजवायला पालापाचोळा आणि शेण कमी पडलं का? खाचराला खत घालून भात काढायचा आणि त्या भाताचं परत खत करायचं, हा कुठल्या शाळेतला हिशेब?

तिसरं उत्तर सगळ्यात गोड असतं. "उरलेलं गरिबांना देतो." यात दोन गोष्टी आपण मुद्दाम एक करतो. पानात उरलेलं ते उष्टं. ते कुणालाही द्यायचं नाही, विषय संपला. पातेल्यात उरलेलं, हात न लागलेलं, ते देता येतं. पण ते देतो कधी? पाहुणे गेले, फोटो झाले, पाठवणी झाली, आचाऱ्याचा हिशेब झाला, मग संध्याकाळी सहाला कुणाला तरी पाड्याची आठवण येते. तोवर बाराला उतरवलेला भात झाकण लावून सहा तास कोमट बसलेला असतो. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानं मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांच्यामुळं होणारं एक विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. वैशाखातल्या उन्हात पत्र्याच्या मांडवात तर बोलायलाच नको. असा भात टेम्पोत घालून नेणं याला दान म्हणत नाहीत. आपल्या उकिरड्याची जागा बदलली एवढंच. रात्री लेकरू ओकायला लागलं तर त्याला दवाखान्यात कोण नेणार आहे?

खरंच द्यायचं असेल तर पंगत चालू असतानाच द्या. शेवटच्या पंगतीला उरणार असं दिसलं की ताजं, वाफाळतं जेवण वेगळ्या स्वच्छ भांड्यात काढून दोन तासांच्या आत पोचवा. त्याहून बरं म्हणजे त्या माणसांना सकाळीच आवतण द्या. आवणीला ती चालतात, मग पंगतीला का नाही?

कायद्यानं हे सुटेल असं मला वाटत नाही. 2017 साली लोकसभेत रंजीत रंजन यांनी लग्नातले पाहुणे आणि पदार्थ यांवर मर्यादा आणणारं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. 2020 च्या टाळेबंदीत लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती. तेव्हा लग्नं थांबली नाहीत, संसार मोडले नाहीत, कुणाची अब्रूही गेली नाही. मर्यादा उठली आणि आपण दुप्पट जोमानं सुरू झालो. आपल्याच घरातली म्हातारी माणसं 1972 च्या गोष्टी सांगतात. राज्यभर दुष्काळी कामांवर लोकांनी परदेशातून आलेला मिलो खाल्ला, सुकडीवर दिवस काढले. ती माणसं अजून पान चाटून-पुसून उठतात आणि त्यांची नातवंडं त्यांना हसतात.

मला स्वतःला पाहुणे कमी करा हे म्हणणंही पुरेसं वाटत नाही. शंभर माणसांतही शंभर मुठी जातातच. नासाडी कुठं होते ते बघा. पंगतीत वाढपी पोरं विचारत नाहीत, भाताचा डोंगर करून पुढं पळतात, कारण त्यांना पंगत लवकर उरकायची असते. बुफेत उलटं. परत रांगेत कोण उभं राहणार म्हणून माणूस पहिल्याच फेरीत सगळं भरून घेतो. कार्यालयात ताटावर दर असतो आणि ठरलेल्या ताटांचे पैसे कमी खाल्लं तरी द्यावेच लागतात, त्यामुळं उरलं तर कुणालाच दुखत नाही. आणि लग्न उशिरा लागतं ते वेगळंच. साडेबाराचा मुहूर्त, त्यात पुढाऱ्यांचे सत्कार, आशीर्वादाची भाषणं. दीडपर्यंत अर्धी माणसं अक्षता टाकून न जेवताच निघून जातात. त्यांचा भात मात्र अकरालाच शिजलेला असतो.

इथंच सगळ्यात मोठी बचत आहे, आणि ती आचाऱ्याच्या हातात नाही, यजमानाच्या हातात आहे. सगळा तांदूळ एकदम चुलीवर चढवू द्यायचा नाही. ठरलेल्या तांदळातला साठ टक्के पहिल्या घाण्याला शिजवा, बाकीचा पोत्यात कोरडाच ठेवा. धुऊन-भिजवूनसुद्धा ठेवू नका. पत्रावळ्यांचे गठ्ठे सकाळी मोजून एका जबाबदार माणसाच्या ताब्यात द्या. दोन पंगती उठल्या की किती पत्रावळ्या गेल्या ते बघा, बाहेर किती माणूस उभं आहे ते बघा, मग पुढचा घाणा टाका. भाताला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढी एक पंगत चालतेच. पुरीच्या कणकेचंही तसंच. आचारी कुरकुर करेल, त्याला एकदाच रांधून मोकळं व्हायचं असतं. त्याला आधीच सांगून ठेवा. कोरडा उरलेला तांदूळ घरी परत येतो, दुकानदाराशी बोलणं असेल तर दुकानातही परत जातो. शिजलेला कुठंच जात नाही.

वाढप्यांना एकच सूचना द्या. पहिली वाढ अर्ध्या उलथन्याची, मग जेवढ्या वेळा मागेल तेवढ्या वेळा. आग्रह बुंदीचा करा हवं तर, भाताचा नको. "कमी वाढलं" म्हणून एखादा सोयरा रुसेल. रुसू दे, दुसऱ्या फेरीला त्याच्या पानात दोनदा वाढा.

खरकटं टाकायच्या जागी एक काटा ठेवायचा. पोरगं बसवायचं आणि बादली भरली की वजन वहीत लिहायचं. कुणाला बोलायचं नाही, अडवायचं नाही. संध्याकाळी आकडा घरच्यांसमोर वाचायचा आणि वर दिलेल्या हिशेबानं त्याचे गुंठे काढायचे.

माझ्याकडं शंभर किलोचा काटा आहे, सुगी संपल्यापासून पडूनच आहे. पुढच्या पंधरा दिवसांत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी तो घेऊन जावा, भाडं नाही. फक्त वही परत करताना आकडा खरा लिहून द्या. गावाचं नाव नको, घराचं नाव नको, तारीख आणि किलो एवढंच. आवणीच्या आधी सगळे आकडे याच पानावर टाकीन.