हळद, मिरी आणि ‘२००० टक्क्यां’चा हिशेब

हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घातली की कर्क्युमिनचे शोषण २००० टक्क्यांनी वाढते, हे वाक्य आता आरोग्यविषयक लेखांपासून गोळ्यांच्या वेष्टनांपर्यंत सर्वत्र आढळते. त्याचे मूळ बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. अभ्यास खरा आहे आणि आकडाही खरा आहे. माझा आक्षेप आहे तो त्या आकड्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला.

प्रथम कर्क्युमिनची अडचण पाहू. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; तेला-तुपात विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद कोरड्या हळदीपेक्षा थोडी बरी. शिवाय आतड्यातील किंचित अल्कधर्मी वातावरणात तो टिकत नाही, लवकर विघटित होऊ लागतो. तरीही जो भाग आतड्याच्या भित्तिकेत शिरतो, त्याला तिथली आणि पुढे यकृतातली विकरे गाठतात. ती त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात. ही जोडणी म्हणजे शरीराने त्याला बाहेर घालवण्यासाठी केलेली तयारीच. परिणामी मूळ रूपातले कर्क्युमिन रक्तात नाममात्र उरते.

मिरीतील पायपरिन यातल्या शेवटच्या टप्प्यावर काम करते. ग्लुकुरोनिक आम्ल जोडणाऱ्या विकरांना ते काही काळ रोखते. म्हणजे मिरी कर्क्युमिनला विरघळवत नाही की स्थिर करत नाही. ती त्याची विल्हेवाट लांबवते. ‘शोषण वाढते’ हा शब्दप्रयोग म्हणूनच थोडा दिशाभूल करणारा आहे.

आता त्या अभ्यासाकडे वळू. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तद्रवात ते एक तर सापडलेच नाही किंवा अत्यल्प सापडले. कमाल पातळी मिलिलिटरमागे सुमारे ०.००६ मायक्रोग्रॅम होती. सोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर ती सुमारे ०.१८ मायक्रोग्रॅमवर गेली. एकूण उपलब्धतेतील वाढ २००० टक्के भरली, पण ती दिसली पहिल्या तासाभरातच. त्याच अभ्यासात उंदरांमध्ये मात्र वाढ १५४ टक्केच होती. त्यांना वजनाच्या मानाने कितीतरी मोठी मात्रा दिली होती आणि मिरीविनाही त्यांच्या रक्तात कर्क्युमिन नीट मोजता येत होते. माणसांतला आकडा एवढा फुगला, याचे एक मोठे कारण म्हणजे ज्या संख्येने भागले ती शून्याच्या जवळ होती.

मिरीसह मिळालेली ती कमाल पातळी रेणूंच्या भाषेत सुमारे अर्धा मायक्रोमोलर होते. परीक्षानळीत पेशींवर कर्क्युमिनचे जे प्रभाव दाखवले जातात, त्यांतल्या बहुतेकांना याच्या दहापट किंवा त्याहून अधिक तीव्रता लागते.

हेच गणित स्वयंपाकघरात नेऊ. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. तेव्हा २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळद, म्हणजे चहाचे वीसहून अधिक चमचे लागतील. मिरीत पायपरिन ५ टक्क्यांच्या आसपास धरले, तर २० मिलिग्रॅमसाठी ०.४ ग्रॅम मिरपूड पुरते. मिरीची मात्रा सहज गाठता येते, हळदीची नाही. एक चमचा हळदीच्या दुधाला तो २००० टक्क्यांचा आकडा चिकटवण्यास या अभ्यासात आधार नाही.

तरीही मिरीला निष्प्रभ म्हणणे चुकीचे ठरेल. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधनातूनच पायपरिन इतर औषधांची रक्तातली पातळी वाढवते, ही कल्पना पुढे आली. क्षयरोगावरील एका भारतीय संयुक्त औषधात नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन आणि १० मिलिग्रॅम पायपरिन असते, ते याच तत्त्वावर.

खरा धोका इथेच आहे. पायपरिनला कर्क्युमिन आणि इतर औषधे यांतला भेद कळत नाही. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफिलिन यांसारख्या औषधांची रक्तातली पातळी ते वाढवू शकते. यांतल्या काहींच्या उपकारक आणि अपायकारक मात्रांतले अंतर फार थोडे असते. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा तिघांच्या गोळ्यांत मिरीचा अंशही आढळला. एवढ्यावरून दोष मिरीवर ठेवता येणार नाही. परंतु अशा गोळ्या निरुपद्रवी आहेत, हे गृहीतकही टिकत नाही.

म्हणून माझे मत असे : आमटीतली हळद आणि मिरी चवीसाठी खुशाल खावी. पायपरिनयुक्त कर्क्युमिनची गोळी मात्र औषध समजावी आणि नियमित औषधे चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.