तीन पॅड पुरेत

संगणकावर स्वतःचे वादन मुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्यांजवळ हल्ली रबरी पॅडांची छोटी पाटी दिसते. पाटीवर आठ पॅड, म्हणून आठांनाही कामे वाटून देण्याची हौस होते. माझे मत उलट आहे. वादन सुरू करणे, मुद्रण आणि आवर्तन या तीन आज्ञांपलीकडे पाटीवर काहीही ठेवू नये.

पॅडवर बोट मारले की संगणकाकडे आवाज जात नाही. अमुक क्रमांकाचा स्वर अमुक जोराने दाबला, एवढा निरोप जातो. १९८३ पासून रूढ असलेली ही 'मिडी'ची भाषा. निरोपाचा अर्थ आपण ठरवायचा. 'रीपर'मध्ये प्रथम सेटिंगमध्ये जाऊन या पाटीचे निरोप नियंत्रणासाठी स्वीकारण्याची परवानगी द्यावी. मग आज्ञांची यादी उघडून पुढील तिन्ही नावे एकेक करून निवडावीत:

```
Transport: Play/stop
Transport: Record
Transport: Toggle repeat
```

प्रत्येक वेळी `Add` दाबून हवा तो पॅड वाजवावा. खिडकीत पॅडचा क्रमांक उमटला नाही, तर परवानगी राहिली असे समजावे. आज्ञा एका टिचकीला पाळली जाते आणि दुसरीला नाही, असे झाले तर दोष पाटीच्या मांडणीत असतो. पॅड 'टॉगल' पद्धतीवर असला की दुसऱ्या टिचकीला तो फक्त स्वर सुटल्याचा निरोप पाठवतो. तो 'मोमेंटरी' करावा.

आता तबला शिकणाऱ्याचे उदाहरण घेऊ. मित्राने हार्मोनियमवर तीनतालाचा लेहरा मेट्रोनोमबरोबर, मिनिटाला ६० मात्रा अशा लयीत मुद्रित करून दिला आहे. सोळा मात्रांना सोळा सेकंद, म्हणजे चार-चार मात्रांचे चार खंड. निवड नेमकी तेवढीच करावी. ती किंचित लांबली, तर प्रत्येक आवर्तनाला सम उशिरा येते. मग तबल्याच्या ट्रॅकवर मुद्रण सज्ज करावे, लेहरा हेडफोनवर ऐकावा, आवर्तनाचा पॅड मारावा आणि मग मुद्रणाचा. सोळा सेकंदांचे प्रत्येक आवर्तन स्वतंत्र प्रत म्हणून साठत जाते. उत्तम प्रत मागाहून निवडता येते.

एवढ्यासाठी वादकाला मांडी मोडावी लागत नाही, हाच पॅडचा खरा लाभ. तो आठ आज्ञांनी वाढत नाही, धोका मात्र वाढतो. बायाँवरून सरकलेला हात 'पुसा' या आज्ञेवर पडला तर? म्हणून मुद्रणाचा पॅड कोपऱ्यात असावा आणि त्याच्या शेजारचा रिकामा. पाटीखाली जाड कापड घालावे, नाहीतर टिचकीचा ठपका मायक्रोफोन इमानाने टिपतो.

कोणत्या ट्रॅकवर मुद्रण करायचे, प्रत कोणती ठेवायची, हे निर्णय माऊसनेच घ्यावेत. ते घाईत घ्यायचे नसतात. आणि हाताजवळची वस्तू घाईचीच असते.