साहेब पहिल्या चार ओळीच वाचतात. मग मागणी शेवटी कशाला?

वरिष्ठांना पाठवायच्या टिपणीत उत्तर सर्वात वर, त्याखाली कारणे आणि त्याखाली आकडे असावेत. असे करायचे तर फक्त परिच्छेदांची अदलाबदल करून भागत नाही. आपण नेमके काय मागतो आहोत आणि वाचणाऱ्याने ते का द्यावे, हे आधी ठरवावे लागते. आपल्याकडची बहुतेक टिपणे नेमकी इथेच फसतात.

मुद्दा काय आहे?

टिपणी आज बहुधा मोबाइलवरच उघडली जाते. बैठकीला जाताना कार्यकारी संचालकांच्या पडद्यावर चार-पाच ओळी दिसतात. त्या ओळींत ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ एवढेच असेल, तर नमनालाच घडाभर तेल गेले. मागणी दुसऱ्या पानावर राहते आणि निर्णय पुढच्या महिन्यावर जातो.

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत १९६३ साली रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी यावर एक पद्धत बसवली. ती ‘पिरॅमिड प्रिन्सिपल’ म्हणून ओळखली जाते. टोकावर एक उत्तर, त्याखाली त्याला पेलणारी दोन-तीन कारणे आणि प्रत्येक कारणाखाली त्याचा पुरावा, अशी ही मांडणी असते. वरची ओळ वाचून मनात ‘का?’ आले, की खालच्या ओळीने त्याचेच उत्तर द्यायचे.

प्रत्यक्षात कसे लिहायचे?

उदाहरण वारणा खोऱ्यातले घेऊ. समजा, कोडोलीतील एका दूध संस्थेला बल्क कूलर, म्हणजे दूध गावातच चार अंशांपर्यंत थंड करणारी टाकी हवी आहे. संध्याकाळचे संकलन १,२०० लिटर, म्हणजे चाळीस लिटरचे तीस कॅन. मार्च ते मे या सुमारे नव्वद दिवसांत त्यातले सरासरी दोन कॅन शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत आंबट होतात. हे झाले रोजचे ८० लिटर, म्हणजे उन्हाळ्यात ७,२०० लिटर. लिटरला ४० रुपये धरले तर नुकसान २ लाख ८८ हजारांचे.

कूलर बसला, तर संध्याकाळचे दूध रात्रभर गावातच थांबेल आणि सकाळच्या दुधाबरोबर जाईल. मग रात्रीची टेम्पो फेरी बंद करता येईल. फेरीला ७०० रुपये धरले, तर वर्षाला २ लाख ५५ हजार ५०० रुपये वाचतात. जनरेटरसह ३,००० लिटरच्या कूलरचा खर्च १२ लाख आणि वीज, डिझेल, देखभाल मिळून वर्षाला १ लाख ८० हजार. हे सगळे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत.

सचिवांचा पहिला मसुदा नेहमीचा असेल: संस्थेची स्थापना, सभासदसंख्या, उन्हाळ्यातल्या अडचणी आणि शेवटी ‘तरी बल्क कूलर मिळावा, ही विनंती’. कोणी सुचवल्यावर ते शेवटची ओळ वर घेतील: ‘कूलर मंजूर करावा, आमच्या सभासदांचे दूध नासते आहे.’ उत्तर वर आले खरे, पण ‘का?’चे कारण संस्थेचे आहे. मंजुरी देणाऱ्या संघाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: आमचे पैसे का घालायचे? नासलेल्या दुधाचा तोटा संस्था सोसते, टेम्पोचे भाडे संघ देतो. तेव्हा संघासाठी पहिले कारण टेम्पोचे हवे. मग सुरुवात अशी होईल:

‘कोडोलीत ३,००० लिटरच्या बल्क कूलरसाठी संघाने १५ जानेवारीपर्यंत ६ लाख रुपये मंजूर करावेत; उरलेले ६ लाख संस्था घालेल. रात्रीची टेम्पो फेरी बंद होऊन संघाची रक्कम अडीच वर्षांच्या आत वसूल होईल. टंचाईच्या उन्हाळ्यात संघाला ७,२०० लिटर जादा दूध मिळेल. चालवण्याचा खर्च संस्था उचलेल.’

साहेबांनी इथेच वाचणे थांबवले, तरी काय, किती, कधीपर्यंत आणि का, हे त्यांना कळलेले असते. खाली तीन उपशीर्षके याच क्रमाने येतील. फेरीच्या शीर्षकाखाली भाड्याची बिले आणि दुधाच्या शीर्षकाखाली परत आलेल्या कॅनची नोंद. तिसऱ्याखाली खर्चाचा हिशेब: १ लाख ८० हजार कुठून येणार, तर नासाडी थांबून संस्थेचे जे २ लाख ८८ हजार वाचतील त्यातून. स्थापना आणि सभासदसंख्या जोडपत्रात गेली तरी काही बिघडत नाही.

मांडणी जमली, हे कसे ओळखायचे?

फक्त शीर्षके सलग वाचा. त्यातून पूर्ण युक्तिवाद उभा राहिला पाहिजे. मग प्रत्येक कारण झाकून बघा. ते काढूनही उत्तर तितकेच भक्कम वाटत असेल, तर ते कारण नव्हे, भरताड आहे. ‘फेरी वाचेल’ आणि ‘वाहतूक खर्च कमी होईल’ ही दोन कारणे नाहीत. एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

या मांडणीत कच्ची वीटही लगेच दिसते. रात्रीचा तोच टेम्पो शेजारच्या गावांचेही दूध उचलत असेल, तर एका गावात कूलर बसून फेरी बंद होणार नाही आणि मुख्य कारणच कोसळेल. जुन्या मसुद्यात ही अडचण तिसऱ्या पानात दडून राहिली असती. इथे ती टिपणी पाठवण्यापूर्वी स्वतः सचिवांनाच दिसते.

धोका कुठे आहे?

वरची ओळ चुकीची असेल, तर खालचे सत्य कोणी वाचत नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या डाव्या पंखावर उड्डाणावेळी फोमचा तुकडा आदळला. त्यावर तयार झालेल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. खरी बाब तळाशी होती: ज्या चाचण्यांवर हा दिलासा बेतला होता, त्यांतल्या तुकड्यापेक्षा हा तुकडा सुमारे ६४० पट मोठा होता. १ फेब्रुवारीला यान परतताना कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताला हीच स्लाइड कारणीभूत ठरली असे नव्हे, पण चौकशी मंडळाने अहवालात तिच्यावर बोट ठेवले. म्हणून उत्तराबद्दल शंका असेल, तर ती शंकाही वरच लिहायला हवी.

आणि उत्तर सापडलेलेच नसेल, तर ‘निर्णयासाठी अमुक माहिती हवी, ती अमुक तारखेपर्यंत देतो’ हेच पहिले वाक्य असावे.

मग आपण असे का लिहीत नाही?

वरिष्ठांना थेट उत्तर सांगणे उद्धटपणाचे वाटते, असे कारण दिले जाते. ते पूर्ण खरे नाही. ‘मंजुरी मिळावी, ही विनंती’ हे शब्द पहिल्या ओळीतही तितकेच नम्र असतात. खरे कारण भीतीचे आहे. मागणी तळाशी असली, की ‘मी फक्त परिस्थिती मांडली’ असे म्हणून हात झटकता येतात. ती वर लिहिली, की ती आपली होते आणि चुकली तर बोलणीही आपल्यालाच बसतात. तो सावधपणा समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत टिपणी लिहिणारा मोजत नाही. मंजुरी एप्रिलपर्यंत लांबली, तर रोजचे ते दोन कॅन सभासदांच्याच खात्यातून जातात.