टीव्हीला चार एचडीएमआय पोर्ट. गेमिंग कन्सोल नेमका कुठे लावायचा?

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घरी आला की टीव्हीच्या मागे जो पोर्ट हाताला लागेल, त्यात तो जोडला जातो. चित्र दिसते, आवाज येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. प्रत्यक्षात सेकंदाला १२० फ्रेम पाठवू शकणारा कन्सोल ६० वरच अडकलेला असू शकतो. टीव्ही तशी सूचना देतोच असे नाही.

सारखे दिसणारे पोर्ट वेगळे का?

सर्व पोर्टांचा आकार एकच असतो. फरक असतो तो दर सेकंदाला किती माहिती आत येऊ शकते याचा. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट आहे. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायला ती पुरते. १२० वेळा दाखवायचे तर माहिती दुप्पट होते आणि १८ गिगाबिटची वाट अपुरी पडते. २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ ने ही मर्यादा ४८ पर्यंत नेली.

मात्र हा वेग पेलण्याची सोय टीव्हीच्या मुख्य चिपमध्ये असावी लागते. अनेक टीव्हींच्या चिपमध्ये ती दोनच पोर्टांसाठी असते. म्हणून चारपैकी दोन पोर्ट वेगवान आणि दोन साधे, अशी विभागणी दिसते.

‘२.१’ या आकड्यावर विसंबू नये

खरी गोची नावात आहे. एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट केले की २.१ मधील नव्या सुविधा ऐच्छिक आहेत. म्हणजे फोर-के १२० न देणाऱ्या पोर्टवरही ‘२.१’ लिहिता येते; कोणत्या सुविधा आहेत, हे कंपनीने सांगावे एवढीच अट. हा नियम ग्राहकाच्या सोयीचा नाही. दुकानात ‘२.१ आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवर फोर-के १२० चालते आणि पॅनेल १२० हर्ट्झचे आहे का?’ असे विचारावे. पॅनेलच ६० हर्ट्झचे असेल, तर कोणत्याही पोर्टने फोर-के १२० मिळणार नाही.

साउंडबार आणि कन्सोलची ओढाताण

सोनीच्या एक्स-९०एल या टीव्हीचे उदाहरण घ्या. त्याच्या चार पोर्टांपैकी फोर-के १२० फक्त तिसऱ्या आणि चौथ्या पोर्टवर चालते. त्यातला तिसरा ‘ईआर्क’ आहे, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा. अशा घरात साउंडबार तिसऱ्यात, कन्सोल चौथ्यात आणि सेट-टॉप बॉक्स पहिल्यात, ही मांडणी योग्य ठरते. दुसरा नवा कन्सोल आला, तर मात्र त्याच्यासाठी वेगवान पोर्ट उरत नाही. कन्सोल साउंडबारमध्ये लावून तिथून टीव्हीकडे नेणे हा उपाय सर्रास चालत नाही, कारण बरेच साउंडबार फोर-के ६० पर्यंतचेच चित्र पुढे पाठवतात.

पोर्ट बरोबर, तरीही ६०?

बऱ्याच टीव्हींमध्ये वेगवान पोर्टची पूर्ण क्षमता सेटिंगमधून सुरू करावी लागते. सॅमसंगमध्ये ती `Input Signal Plus`, सोनीमध्ये `HDMI signal format`, तर एलजीमध्ये `HDMI Deep Colour` या नावाने सापडते. ही निवड त्या-त्या पोर्टसाठी करायची असते. त्यामुळे केबल दुसऱ्या पोर्टात हलवली की सेटिंग पुन्हा तपासावी. केबल शक्यतो कन्सोलच्या खोक्यात आलेलीच वापरावी. नवी घ्यायची झाल्यास तिच्यावर `Ultra High Speed` असे लिहिलेले पाहावे.

खातरजमा कन्सोलवरच होते. प्लेस्टेशन ५ मध्ये `Screen and Video` मधील `Video Output Information` उघडावे. एक्सबॉक्समध्ये `4K TV details` ही यादी आहे. तिथे फोर-के १२० ची नोंद नसेल, तर पोर्ट, सेटिंग आणि केबल याच क्रमाने तपासावे. नोंद असूनही खेळ ६० वर चालत असेल, तर त्या खेळातच १२० ची सोय नसण्याची किंवा ती त्याच्या सेटिंगमधून निवडलेली नसण्याची शक्यता आहे.

प्लेस्टेशन ४ प्रो फोर-के ६० पर्यंतच जातो आणि पहिला निन्टेन्डो स्विच तर फुल एचडीवरच थांबतो. त्यांना वेगवान पोर्ट देऊन काही साधत नाही. तो नव्या कन्सोलसाठी राखावा.

काही कंपन्या पोर्टशेजारी `4K@120Hz` असे छापतात. एवढी एक ओळ प्रत्येक टीव्हीवर सक्तीची केली, तर ‘२.१’ या आकड्याची गरजच उरणार नाही.