सर गेले, त्याचं काय बोलायचं?

२ जानेवारी २०१९ रोजी क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर गेले, तेव्हा सचिन तेंडुलकरने त्यांच्या तिरडीला खांदा दिला आणि ते कुणालाही वावगं वाटलं नाही. पण गावातल्या कबड्डीच्या सरांसाठी रडणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला मात्र ‘तुझे कोण लागायचे?’ असं विचारलं जातं. जुन्या धर्मशास्त्राने आचार्यांसाठी तीन रात्रींचं अशौच सांगितलं होतं. आज अशा दुःखाला ना सुतक, ना कचेरीत रजा. अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली त्यावर पुस्तकच काढलं: समाज ज्याला मान्यता देत नाही असं दुःख. म्हणून सांत्वनाच्या निरोपात आधी ते नातं मान्य व्हायला हवं. ‘वय झालं होतं, सुटले’ हे वाक्य तिथे दार लावून घेतं. त्याऐवजी लिहावं: ‘सर गेल्याचं कळलं. पहाटे पाचला मैदानावर पाणी मारून तुमची वाट बघणाऱ्या सरांबद्दल तू कितीदा सांगितलंस. अंत्यदर्शनाला जाणार असशील तर गाडी घेऊन येतो.’ सर माहीत नसतील तर आठवण रचू नये, विचारावी: ‘ते कसे शिकवायचे, सांगशील?’ आणि मग मध्ये न बोलता ऐकत बसावं.