होल्डवर नक्की कोण?

मुलाखत होऊन पंधरा-वीस दिवस उलटले की कंपनीच्या पोर्टलवर लॉगिन करायचं आणि तीच पाटी पुन्हा वाचायची, हा नोकरी शोधणाऱ्यांचा रोजचा उद्योग. ‘इन प्रोसेस’ म्हणजे काम होणार का? ‘प्रोफाइल ऑन होल्ड’ म्हणजे गोड शब्दांत नकार का? पुण्यात काही वर्षं मी आयटी कंपन्यांसाठी भरतीचं काम केलं, त्यामुळे असे प्रश्न ओळखीपाळखीतून अजूनही माझ्याकडे येतात. माझं उत्तर ठरलेलं असतं : पाटीचा अर्थ लावत बसू नका, रिक्रूटरला फोन करा. पण काय विचारायचं ते ठरवून करा.

आधी ही पाटी लागते कशी, ते पाहू. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रिकाम्या जागेला एक क्रमांक असतो. आम्ही त्याला ‘रिक्विझिशन’ म्हणायचो. त्या क्रमांकाखाली उमेदवार एकेक पायरी चढत जातो : सीव्हीची छाननी, तांत्रिक मुलाखतीच्या एक-दोन फेऱ्या, मॅनेजरची फेरी, एचआरची फेरी, मग पगाराची मंजुरी, ऑफरची मंजुरी. रिक्रूटरच्या पडद्यावर या साऱ्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात. उमेदवाराला मात्र मोजक्याच पाट्या दाखवायच्या, असं बहुतेक कंपन्या ठरवून टाकतात. त्यामुळे कुणाचा सीव्ही अजून उघडलेलाही नसतो आणि कुणाच्या ऑफरवर फक्त शेवटची सही बाकी असते, पण दोघांनाही ‘इन प्रोसेस’च दिसतं. कित्येकदा तर मुलाखत घेणाऱ्याने फीडबॅक भरलेलाच नसतो. तो प्रोजेक्टच्या गडबडीत असतो, रिक्रूटर त्याला आठवण करत असतो आणि पाटी जिथल्या तिथे.

म्हणून ‘माझं स्टेटस काय?’ हा प्रश्न वाया जातो. रिक्रूटर पडद्यावर दिसणारे शब्द वाचून दाखवतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी ‘माझ्या दुसऱ्या फेरीचा फीडबॅक सिस्टीममध्ये आलाय का?’ असं विचारलं, तर त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ‘नाही’ असेल तर घोडं कुठे अडलंय ते कळतं. ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न : आता कुणाच्या मंजुरीसाठी थांबलंय?

‘होल्ड’चं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. तिथे पहिला प्रश्न असा हवा : होल्डवर जागा आहे की मी?

जागा होल्डवर जाते तेव्हा त्याचं कारण बहुधा उमेदवाराशी संबंधित नसतं. क्लायंटचा प्रोजेक्ट पुढे ढकलला जातो, तिमाहीच्या शेवटी भरती गोठवली जाते, किंवा बेंचवर बसलेल्या आपल्याच माणसांतून कुणी मिळतंय का ते आधी पाहा, असा वरून आदेश येतो. अशा वेळी त्या क्रमांकाखालचे सगळेच अडकतात. जाहिरात संकेतस्थळावर दिसते आहे, यावर विसंबू नये. ती खाली उतरवायचं कुणाला सुचलेलं नसतं.

जागा चालू आहे आणि तुम्हीच होल्डवर आहात, याचा सर्वात नेहमीचा अर्थ असा की तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. हे रिक्रूटर आपणहून सांगत नाही. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

जावा डेव्हलपरची जागा, कंपनी हिंजवडीतली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या सगळ्या फेऱ्या संपल्या. सॅलरी स्लिप मागून घेतल्या, नोटीस पिरियड किती तेही विचारलं. वीस तारखेच्या सुमारास पाटी बदलून ‘प्रोफाइल ऑन होल्ड’ झाली. “मावशी, नकारच आहे ना हा?” तिने विचारलं. मला तसं वाटलं नाही. सरळ नकार असता तर तो एका क्लिकचा मामला होता. तिला मी तीन प्रश्न लिहून दिले आणि स्पीकरवर फोन लावायला सांगितला.

“मॅडम, ही जागा अजून उघडी आहे का?”

“हो, जागा आहे.”

“मग या जागेसाठी कुणाला ऑफर दिली गेली आहे का? नाव नको मला, फक्त हो की नाही.”

पलीकडे जरा शांतता. “एक ऑफर रिलीज झाली आहे.”

“त्यांची जॉइनिंगची तारीख साधारण कधीची आहे?”

“जूनचा दुसरा आठवडा. त्याआधी मी काही सांगू शकणार नाही.”

एवढ्यावर सगळा हिशोब मांडता आला. आयटीत नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असते. पहिल्या उमेदवाराने १० मार्चच्या आसपास राजीनामा दिला असेल, तर तो ८ जूनला मोकळा होणार. या तीन महिन्यांत तो तीच ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागू शकतो, किंवा त्याची सध्याची कंपनीच पगार वाढवून त्याला थांबवू शकते. ऑफर स्वीकारून ऐनवेळी न येणारे इतके असतात, की कंपन्या दुसऱ्या उमेदवाराला मुद्दाम सोडत नाहीत. रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखंच हे, फक्त इथे नंबर छापून देत नाहीत. म्हणजे भाचीचा होल्ड जूनच्या मध्यापर्यंत खरा होता. त्यानंतरही पाटी तीच राहिली असती, तर ती नुसती विसरलेली नोंद ठरली असती.

तिची स्वतःची नोटीस साठ दिवसांची. जूनच्या मध्यात बोलावणं आलं असतं तरी ती रुजू होणार ऑगस्टच्या मध्यात. इतका काळ मॅनेजर थांबेल का, हा प्रश्न होताच. म्हणून दोन दिवसांनी तिने रिक्रूटरला छोटी मेल पाठवली : नोटीस पंचेचाळीस दिवसांवर आणता येईल, आणि याच कामाची दुसरी जागा उघडली तर माझं नाव त्या क्रमांकाखाली घ्यावं. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं. जुन्या क्रमांकावर होल्डवर असलेला उमेदवार नव्या क्रमांकाखाली आपोआप जाईलच असं नाही, कुणीतरी त्याला हलवावं लागतं.

या विचारपुशीलाही मर्यादा आहेत. दुसऱ्या उमेदवाराचं नाव, पगार किंवा मुलाखतीतले शेरे रिक्रूटर सांगणार नाही, सांगूही नये. तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल, तर तिथल्या माणसाला कंपनीच्या आतलं फारसं दिसत नाही. कंपनीने कळवलेलं तो तुम्हाला कळवतो. त्याच्याकडूनच उत्तर मागण्याऐवजी ‘कंपनीतल्या रिक्रूटरकडून एवढंच विचारून सांगा’ असं म्हणावं. आणि नेमक्या दोन प्रश्नांनाही ‘प्रोफाइल चांगलं आहे, कळवतो’ एवढंच ऐकू आलं, पुढची तारीख कुणीच दिली नाही, तर ती जागा मनातून वजा करून पुढे लागावं.

भाचीने मार्चअखेरीस बाणेरच्या एका कंपनीत मुलाखत दिली आणि मेच्या सुरुवातीला तिथली ऑफर स्वीकारली. हिंजवडीच्या रिक्रूटरला तिने लगेच कळवलं, की माझं नाव काढा. तो पहिला उमेदवार जूनमध्ये आला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि तिला त्याची गरजही उरली नव्हती. आपण कशासाठी आणि कधीपर्यंत थांबलोय, हे तिला मार्चमध्येच ठाऊक होतं, म्हणून मधला दीड महिना तिने पोर्टल पुन्हा उघडलं नाही.